दोराच्या मधली गाठ



बर्फाच्या डोंगरांवरची पुस्तकं मी गेली अनेक वर्षं वाचतो आहे. वाचतो ती घरात, खुर्चीवर बसून. अशा डोंगरावर मी कधी चढलेलो नाही आणि आता चढणारही नाही. ही पुस्तकं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी वाचून झाल्यावर एकमेकांत मिसळून जातात. तेच वादळ, तोच तंबू, तीच काळी पडलेली बोटं. एक पुस्तक मात्र कशात मिसळलं नाही. जो सिम्प्सन या ब्रिटिश गिर्यारोहकाचं ‘टचिंग द व्हॉइड’. ते १९८८ साली प्रसिद्ध झालं आणि गिर्यारोहणावरच्या लेखनाचा बोर्डमन टास्कर पुरस्कार त्याला त्याच वर्षी मिळाला. आज मी या पुस्तकाबद्दल आणि त्यातल्याही एका गाठीबद्दल बोलणार आहे. दोराच्या गाठीबद्दल.

१९८५ साली जो सिम्प्सन आणि सायमन येट्स दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गेले. जो पंचविशीचा, सायमन एकवीस वर्षांचा. अँडीज पर्वतातल्या वायवाश रांगेत सिउला ग्रांदे नावाचं ६३४४ मीटर उंचीचं शिखर आहे. त्याची पश्चिमेची भिंत तोवर कुणी चढलं नव्हतं. दोघांनी मधे ठाणी उभारली नाहीत, हमाल नेले नाहीत, बरोबर ऑक्सिजन नव्हता. लागेल ते पाठीवर घ्यायचं आणि एका दमात वर जाऊन खाली यायचं, अशी ही पद्धत. तळावर तंबू सांभाळायला रिचर्ड नावाचा एक प्रवासी होता. तो त्यांना लिमा शहरात भेटला होता आणि त्याला गिर्यारोहणाची काही माहिती नव्हती.

ते शिखरावर पोहोचले. पण भुसभुशीत बर्फाच्या उभ्या पन्हाळ्यांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला, रात्री जास्त झाल्या आणि स्टोव्हचा गॅस संपला. पुस्तकात हे अगदी सहज येतं, घरातलं मीठ संपल्यासारखं. पहिल्या वाचनात मी तिथून पुढे निघून गेलो होतो. पण एवढ्या उंचीवर वाहतं पाणी नसतं. गॅस नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. नुसता बर्फ खाऊन तहान भागत नाही आणि अंगातली ऊब मात्र जाते. या संपलेल्या गॅसचा हिशोब पुढे द्यावा लागणार आहे.

उत्तरेच्या धारेवरून उतरताना जो एका बर्फाच्या कड्यावरून निसटला. तो उजव्या पायावर आदळला आणि नडगीचं हाड वर सरकून गुडघ्याच्या सांध्यात घुसलं. जवळपास सहा हजार मीटरवर, दोघेच असताना, पाय मोडणं म्हणजे मरण. हे जोला त्याच क्षणी कळलं, सायमनलाही कळलं आणि दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही. सायमन त्याला सोडून निघून गेला असता तर त्याला दोष देणारं तिथे कुणी नव्हतं. त्यानं सांगितलं, मी तुला दोरानं खाली सोडतो.

आता ती गाठ. त्यांच्याजवळ सुमारे ४५ मीटरचे दोन दोर होते. सायमननं ते एकमेकांना बांधून ९० मीटरचा एक दोर केला. एका टोकाला जो, दुसऱ्या टोकाला सायमन. एरवी माणसाला खाली सोडताना दोर कशाला तरी अडकवतात. खडकात ठोकलेली खुंटी असते किंवा टणक बर्फात फिरवून बसवलेला स्क्रू असतो. इथला बर्फ पिठासारखा होता, त्यात काहीच टिकेना. म्हणून सायमन उतारावर बादलीएवढा खड्डा खणायचा, त्यात बसून पाय रोवायचा आणि स्वतःच खुंटी व्हायचा. दोर त्याच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या बिले प्लेटमधून जायचा. ही प्लेट म्हणजे भोकं असलेली धातूची लहान चकती. तिच्यातून दोर वळणं घेत जातो, त्या घर्षणामुळे खालच्या माणसाचं वजन हातांना पेलता येतं.

पण प्लेटच्या भोकातून दोर जातो, गाठ जात नाही. ४५ मीटर दोर सरकला की मधली गाठ प्लेटपाशी येऊन अडणार. तेव्हा खाली जोनं धडक्या पायावर उभं राहायचं, म्हणजे दोरावरचं वजन उतरतं आणि दोर सैल पडतो. तेवढ्या क्षणात सायमननं दोर प्लेटमधून काढायचा, गाठ पलीकडे घ्यायची, दोर पुन्हा ओवायचा आणि उरलेले ४५ मीटर सोडायचे. मग सायमन स्वतः उतरून त्याच्यापाशी येणार, पुन्हा खड्डा, पुन्हा दोर. दोर एकेरी ठेवला असता तर गाठीची कटकट नव्हती, पण थांबे दुप्पट झाले असते आणि अंधार पडत आला होता.

हे मला शब्दांवरून नीट कळलं नव्हतं. मी सुतळीचे दोन तुकडे बांधले, खिडकीच्या गजाला किल्लीची कडी अडकवली, तिच्यातून सुतळी ओवली आणि खालच्या टोकाला पाण्याची भरलेली बाटली लटकवली. कडी लहान होती, गाठ तिथे येऊन बसली. बाटली खालून हातानं जरा उचलली की गाठ मोकळी होते. हात काढला की सुतळी ताठ, काहीही करा, गाठ जागची हलत नाही. हे पुस्तक वाचणाऱ्यानं ते एकदा करून पाहावं. सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: खालच्या माणसाच्या पायाखाली काहीतरी हवं.

पद्धत चालली. उणापुरा नऊशे मीटरचा उतार त्यांनी असा मागे टाकत आणला. वाटेत एके ठिकाणी बर्फात गुहा खणून रात्र काढता आली असती. वादळ आलं होतं, सायमनची बोटं हिमदंशानं बधिर होत होती. पण गॅस नव्हता. पाण्यावाचून आणखी एक रात्र काढली तर सकाळी उतरण्याचं बळ राहील का, हा प्रश्न होता. म्हणून ते अंधारात, वादळात उतरत राहिले. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी तशी घाई केली नसती.

पायथा जवळ आला असताना जो घसरत घसरत एका कड्याच्या ओठावरून पलीकडे गेला आणि अधांतरी लोंबकळू लागला. खाली अंधारात हिमनदीला पडलेली प्रचंड भेग. पायाखाली काही नाही, म्हणजे वजन उतरणार नाही. त्यानं ओरडून सांगायचा प्रयत्न केला, वाऱ्यात आवाज वर पोहोचला नाही. दोरावरून वर चढायचा एक उपाय असतो. बारीक दोरीचे दोन फास दोराभोवती विशिष्ट गाठीनं गुंडाळायचे. वजन पडलं की फास आवळतात, वजन काढलं की सरकतात, आणि आळीपाळीनं त्यांवर चढत जायचं. गोठलेल्या बोटांनी जोनं एक फास कसाबसा बांधला. दुसरा हातातून निसटून खाली गेला. एका फासावर चढता येत नाही.

वर सायमनला यातलं काहीच दिसत नव्हतं. दोर ताठ आहे, एवढंच त्याला कळत होतं. जो कड्यावर असेल, उभं राहायला जागा शोधत असेल, म्हणून तो दोर सोडत राहिला आणि गाठ प्लेटवर येऊन बसली. आता खाली सोडता येत नाही. माणसाचं वजन हातांनी वर ओढता येत नाही. दोर बांधून ठेवायला खुंटी नाही, कारण खुंटी तो स्वतःच आहे. आणि खड्डा त्याच्याखालून ढासळत चालला आहे. असा तो तासाहून अधिक बसला. मग त्याला आठवलं की पाठपिशवीत चाकू आहे. ताणलेल्या दोराला पातं लागताच दोर तुटला.

सायमनची ही बाजू पुस्तकात सायमनच्याच तोंडून, वेगळ्या तुकड्यांमधून येते. पण ते तुकडे त्याच्याशी बोलून लिहिले आहेत जोनं. ज्याचा दोर कापला गेला, तो माणूस कापणाऱ्याच्या जागी बसून लिहितो आहे. माझ्या वाचनात असं दुसरं पुस्तक नाही. त्या रात्री दोराच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाचं काहीच कळत नव्हतं. दोन्ही टोकं एकाच वेळी दिसतात ती फक्त आपल्याला, वाचणाऱ्याला, आणि ती दिसावीत म्हणूनच जोनं हे लिहिलं. परत आल्यावर गिर्यारोहकांच्या वर्तुळात सायमनवर टीका झाली होती. ती जोला सहन होत नव्हती.

जो भेगेत पडला आणि आतल्या एका बर्फाच्या कंगोऱ्यावर अडकून जिवंत राहिला. दोर वर गेलेला दिसत होता. त्याला वाटलं, सायमनही पडून मेला असेल, तेव्हा दोर ओढला तर त्याच्या वजनावर ताणला जाईल. त्यानं दोर ओढला. तो सरसर येत राहिला आणि शेवटी टोक हातात आलं. ते कापलेलं होतं. म्हणजे सायमन जिवंत होता. हे टोक पाहून त्याला राग आला नाही, हे मी आधी लेखकाचं औदार्य समजलो होतो. गाठीचा प्रयोग केल्यावर मला तसं वाटेनासं झालं.

भेगेची भिंत चढणं त्याला जमेना. मग तो दोरावरून आणखी खोल उतरला. दोरानं उतरताना शेवटाला गाठ मारायची, म्हणजे चुकून टोकावरून निसटायला होत नाही, हे आपल्या सह्याद्रीत रॅपलिंग करणाऱ्या मुलांनाही पहिल्या दिवशी शिकवतात. जोनं ती गाठ जाणूनबुजून मारली नाही. खाली काही नसेल तर दिवसचे दिवस लटकत राहायचं नव्हतं. खाली बर्फाचा तळ लागला आणि एका बाजूला वर जाणारा उतार दिसला. त्याच्या टोकाशी छताला भोक होतं आणि त्यातून ऊन येत होतं.

त्या भोकातून तो बाहेर पडला. तिथून तंबूंचा तळ सुमारे आठ किलोमीटर. तीन दिवस तो सरपटत, लंगडत, खडकांवर आपटत आला. अन्न काहीच नाही, पाणी मिळालं ते शेवटी दगडांच्या पसाऱ्यात झिरपणाऱ्या ओघळांचं. झोपायची पथारी कापून त्यानं पायाला गुंडाळली. समोरचा एखादा दगड ठरवायचा आणि घड्याळ लावून वीस मिनिटांत तिथवर जायचं, असं तो करत राहिला. पोहोचला तेव्हा रात्र होती. तंबू दिसत नव्हते, तळावरची शौचाची जागा वासावरून ओळखू आली, म्हणून कळलं की आपण आलो. दुसऱ्या सकाळी सायमन आणि रिचर्ड तंबू आवरून निघणार होते. जो मेला असं धरून त्याचे कपडे त्यांनी जाळलेही होते.

त्या रात्री तंबूत जोनं सायमनला सांगितलं की तू केलंस ते बरोबर केलंस. तीन वर्षांनी पुस्तक आलं, आणि त्याची अर्पणपत्रिका सायमन येट्सच्या नावे आहे.