विजेच्या बिलातली तिसरी ओळ

आज बोलायचं आहे ते आपल्या मसाला-पिठाच्या केंद्राच्या वीजबिलावर. घरच्या बिलात आपण युनिट बघतो, रक्कम बघतो आणि भरतो. केंद्राचं बिल तसं वाचून चालत नाही. त्यात युनिटांखेरीज आणखी दोन गोष्टींचे पैसे लागतात, आणि त्या दोन्ही आपल्या काम करण्याच्या पद्धतीवर ठरतात.

आमच्या गटात आम्ही पंधरा जणी. केंद्रात मिरची कांडायचं दहा हॉर्सपॉवरचं यंत्र आहे, दहाचीच पिठाची चक्की आहे, साडेसातचं डाळीचं यंत्र आहे आणि नऊ किलोवॅटच्या हीटरचा ड्रायर आहे. ड्रायरमध्ये कांदा आणि शेवग्याचा पाला वाळतो. मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या बिलात दोन जादा रकमा आल्या. एक ४,८०० रुपयांची, दुसरी १,८०० ची. मिळून ६,६००. पंधरा जणींत वाटले तर प्रत्येकीच्या हिश्श्यातून ४४० रुपये गेले, आणि त्या पैशाचं एक किलो पीठसुद्धा दळलं गेलं नव्हतं. म्हणून बिल घेऊन बसलो.

पहिली ओळ वर्गाची. दळण-कांडप, डाळ मिल, मसाला मिल यांना महावितरणच्या दरपत्रकात औद्योगिक दर आहे. दुकान, उपाहारगृह, सभागृह यांना वाणिज्यिक. आपलं काम एक आणि बिलावरचा वर्ग दुसरा असं झालं असेल, तर आधी तोच अर्ज द्यावा. पण भार वीस किलोवॅटच्या वर गेला की दोन्ही वर्गांत मागणी आकार लागतो, म्हणून पुढचं दोघींच्याही कामाचं आहे.

दुसरी ओळ युनिटांची. ती सगळ्यांना समजते, ती सोडून देऊ.

तिसरी ओळ मागणीची. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. एक करार मागणी, म्हणजे आपण कंपनीला सांगून ठेवलेलं की एका वेळी यापेक्षा जास्त ओढणार नाही. आमची ३० केव्हीए. दुसरा आकडा नोंदलेली कमाल मागणी, म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष किती ओढलं. आमची ३८.

हा ३८ येतो कुठून? मीटर अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात सरासरी किती वीज ओढली ते बघतं. महिन्यातला सगळ्यात मोठा तुकडा तेवढा लक्षात ठेवतं. मोटर सुरू होताना एक हिसका बसतो, त्याची भीती पुष्कळ जणींना असते. पण तो हिसका काही सेकंदांचा, अर्ध्या तासाच्या सरासरीत तो विरून जातो. महाग पडतो तो सगळी यंत्रं एकत्र चाललेला अर्धा तास. महिनाभर नीट काम करून एकाच दिवशी अर्धा तास सगळं चाललं, तरी बिलात तोच आकडा छापला जातो.

करारापेक्षा जेवढं जास्त, तेवढ्या भागावर मागणी आकाराच्या दीडपट जादा आकार लागतो. दर आदेशागणिक बदलतात, म्हणून हिशेबाला सोपा जावा असा दर केव्हीएला ४०० रुपये धरू. जास्त झाले ८ केव्हीए. आठ गुणिले ४००, म्हणजे ३,२००. त्याची दीडपट ४,८००. आणि हे वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा झालं, तर पुरवठा संहितेप्रमाणे कंपनी पुढची कारवाई करू शकते.

एक जण म्हणाली, करारच ४० चा करून टाकू. तसं करता येतं, पण त्याला अर्ज, जादा अनामत आणि खर्च आहे. त्याआधी तो अर्धा तास कधीचा ते शोधावं असं ठरलं. मार्चचं रीडिंग झाल्यावर कमाल मागणीचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झाला. मग रोज संध्याकाळी मीटरचं बटण दाबून पडद्यावरचा KVA चा कमाल आकडा वहीत लिहायला लागलो, आणि शेजारी कोणतं यंत्र किती ते किती चाललं तेही. तीन दिवस आकडा ३१ च्या आसपास थांबला. चौथ्या दिवशी ३८. वही बघितली तर त्या दिवशी कांद्याचा माल उशिरा आला होता आणि ड्रायर अकरा वाजता लागला होता, तिन्ही मोटरी चालू असतानाच. इतर दिवशी तो दुपारी मिरची थांबल्यावर लागायचा.

म्हणजे दोषी ड्रायर नाही, त्याची वेळ. आता ड्रायर सकाळी सहा ते नऊ, मोटरी नऊनंतर. संध्याकाळी लावावा असंही सुचलं होतं. पण आमच्या बिलात वेळेप्रमाणे दर आहेत आणि संध्याकाळची वीज महाग. सकाळी सहाला यायचं म्हणजे घरचं पाणी, डबे, गुरं. त्यावर आमची खरी वादावादी झाली, मीटरवर नाही. शेवटी दोघींची पाळी लावली, आणि पाळीवालीला दुपारी तीनला सुट्टी.

ड्रायर वेगळा काढून तिन्ही मोटरींचे ३१ राहतातच, करार ३० चा. इथे बिलातली दुसरी जादा रक्कम कामाला येते, ती १,८०० ची, पॉवर फॅक्टरची.

पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते असं समजा. कार्याला शेजारणीकडून भांडी उसनी आणली. भांडी आपण खात नाही, स्वयंपाक झाला की परत देतो. पण ती आणायला-न्यायला दर वेळी गाडीत जागा लागते. मोटरीला चुंबकत्व तयार करायला अशीच उसनी वीज लागते. ती खर्च होत नाही, पण तारेतून सारखी ये-जा करते आणि तारेची जागा अडवते. खरोखर खर्च झालेली वीज किलोवॅट तासात मोजतात. उसनवारीसकट तारेवर पडलेला भार केव्हीए तासात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पॉवर फॅक्टर. आमच्या बिलात ३,२८० आणि ४,००० होते. भागाकार ०.८२. सरासरी ०.९० च्या खाली गेली की दंड सुरू होतो. तुमच्या बिलात युनिटच केव्हीए तासाने मोजले असतील, तर दंडाची वेगळी ओळ दिसणार नाही. पण भुर्दंड तोच, तो युनिटांतच मिसळलेला असतो. म्हणून भागाकार दोघींनीही करावा.

ड्रायरला उसनवारी लागत नाही, हीटर आहे तो. आमची सगळी उसनवारी मोटरींची. त्यात मोटर रिकामी फिरत असेल तर खर्च कमी आणि उसनं मात्र जवळजवळ तेवढंच, म्हणून पॉवर फॅक्टर आणखी उतरतो. गिऱ्हाईक येईपर्यंत चक्की चालू ठेवायची सवय असेल, तर तिचा परिणाम इथे दिसतो.

यावर उपाय कपॅसिटर. उसनी भांडी गावातून आणण्याऐवजी एक संच आपल्याच घरी ठेवायचा. परवानाधारक वायरमनने दहाच्या प्रत्येक मोटरीला ४ केव्हीएआरचा आणि साडेसातच्या मोटरीला ३ चा कपॅसिटर बसवला. बसवण्यासकट आम्हाला सात हजारांच्या आसपास पडले. मोठा घेतला तर जास्त फायदा असं वाटतं, तसं नाही. मोटरीच्या मानाने कपॅसिटर मोठा झाला, तर मोटर बंद करताना दाब वाढून तिलाच इजा होऊ शकते.

दुसरी काळजी जोडणीची. कपॅसिटर मोटरीच्या स्टार्टरबरोबर चालू-बंद झाला पाहिजे. मुख्य बोर्डावर कायमचा जोडून ठेवला आणि सकाळी नुसता ड्रायर लावला, तर उसनवारी नसताना भांड्यांचा संच बाहेर पडतो. त्याला लीडिंग म्हणतात, आणि त्यानेही पॉवर फॅक्टर बिघडतो. आमच्या ९ किलोवॅटच्या ड्रायरबरोबर ११ केव्हीएआर लागून राहिले असते, तर त्या वेळचा पॉवर फॅक्टर ०.६३ झाला असता. पूर्वीपेक्षाही वाईट. यंत्रं खूप आणि कमी-जास्त चालणारी असतील, तर आपोआप लागणारं-सुटणारं पॅनेल मिळतं, पण ते महाग आहे आणि तीन मोटरींना आम्हाला ते नको वाटलं.

मार्चचं बिल चौथ्या दिवसाच्या ३८ मुळे तसंच आलं, आकडा एकदा चढला की महिनाभर उतरत नाही. एप्रिलचं वेगळं होतं. तिन्ही मोटरी एकत्र चालून कमाल मागणी २५. भागाकार ३,२९० भागिले ३,५००, म्हणजे ०.९४. दोन्ही जादा रकमा गेल्या आणि कपॅसिटरचे पैसे दुसऱ्या बिलात फिटले. युनिट जवळजवळ तेवढेच राहिले हेही सांगायला हवं. कपॅसिटरने युनिट निम्मे होतात असं सांगत कुणी डबा विकायला आलं, तर चहा पाजून वाटेला लावावं.

करार मोठा ठेवावा की लहान, हे बऱ्याच गटांनी विचारलं होतं. वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या आदेशात लघुदाब ग्राहकाला असा नियम होता: नोंदलेल्या कमाल मागणीचे ६५ टक्के आणि करार मागणीचे ४० टक्के, यांत जे जास्त, त्यावर मागणी आकार. आमचे २५ चे ६५ टक्के साधारण १६ होतात, ३० चे ४० टक्के १२. मग १६ वर पैसे. आमचाच करार ६० चा असता तर ४० टक्के २४ झाले असते, आणि न वापरलेल्या आठ केव्हीएचे पैसे दर महिन्याला गेले असते. तुमच्या बिलाला लागू असलेल्या आदेशात हे टक्के बघून घ्या. बारा महिन्यांचे कमाल मागणीचे आकडे वहीत एका खाली एक लिहिले, की करार कुठे असावा ते दिसतं. हंगामाचा सगळ्यात मोठा आकडा आणि त्यावर थोडी मोकळीक, एवढा पुरे.

कपॅसिटर तीन-चार वर्षांत कमजोर होऊ शकतो, उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहून लवकर. डबा फुगलेला दिसला, फ्यूज गेला, किंवा दर महिन्याचा भागाकार हळूहळू ०.९४ वरून ०.९१ कडे यायला लागला, तर दंड लागायची वाट न बघता वायरमनला बोलवा. त्याच्याकडच्या चिमटा मीटरने तो एकेक कपॅसिटर किती करंट घेतो ते दोन मिनिटांत सांगतो. आणि मोटर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. झाडलोट करताना, पीठ पुसताना त्याच्या टोकांना हात लावायचा नाही, झाकण बंदच ठेवायचं.

आमची वही मीटरखालीच खिळ्याला टांगलेली असते, संध्याकाळी कुलूप लावणारी आकडा लिहून जाते. २८ च्या वर आकडा दिसला तर तिने त्याच रात्री गटाला फोन करायचा, असं ठरलंय.