पाच वर्षांचा विमा, पण कशाचा?
(खंडाळा येथील मासिक बैठकीत केलेले भाषण)



आपल्या एका ताईंची स्कूटर शिरवळच्या बाजारातून चोरीला गेली. गाडी अडीच वर्षांची, गटाचं कर्ज काढून घेतलेली. ताई निर्धास्त होत्या, कारण शोरूमवाला म्हणाला होता, "विमा पाच वर्षांचा आहे." कंपनीत गेल्यावर कळलं, एक रुपयाही मिळणार नाही. हप्ते मात्र चालूच आहेत.

असं का झालं? नव्या दुचाकीच्या कागदावर दोन विमे असतात. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई यातून होते. हा कायद्यानं सक्तीचा आहे आणि 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचा. चोरी, आग, पूर, खंबाटकी घाटात गाडी पडून झालेली मोडतोड, हे सगळं यात येतं. दोन्ही मिळून झाला फुल विमा. पण हा दुसरा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. ताईंचा पहिल्या वर्षीच संपला होता आणि नंतर कुणी भरलाच नाही.

भरला असता तर किती मिळाले असते? त्यासाठी कागदावर आय.डी.व्ही. हा आकडा असतो. गाडी चोरीला गेली की कंपनी जास्तीत जास्त तेवढंच देते. गाडीची किंमत, म्हणजे नोंदणी आणि विम्याचा खर्च सोडून, 80,000 धरा. तिसऱ्या वर्षी त्यातून 30 टक्के घट धरतात. म्हणजे आय.डी.व्ही. 56,000. अपघातात दुरुस्तीचा खर्च याच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 42,000 च्या वर गेला, तर गाडी पूर्ण गेली असं धरून हाच आकडा देतात. कर्ज बँकेचं असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

इथंच एक गंमत होते. एजंट म्हणतो, "ताई, हप्ता कमी करून देतो." तो आय.डी.व्ही. 56,000 चा 45,000 करतो. हप्त्यात थोडेच पैसे वाचतात, पण गाडी गेली तर 11,000 कमी मिळतात. म्हणून हप्ता कमी कशामुळे झाला, ते आधी विचारा.

आज घरी गेल्यावर गाडीचा कागद काढा. त्यावर दोन तारखा शोधा: थर्ड पार्टी कधीपर्यंत आणि ओन डॅमेज कधीपर्यंत. दुसरी उलटून गेली असेल, तर नुसता ओन डॅमेज वेगळाही घेता येतो. खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडी तपासते किंवा फोटो मागते. मुदत संपण्याआधीच भरला, तर ही कटकट नाही.

इंग्रजी वाचायला जमत नसेल, तर पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आपण एकत्र बसून तारखा बघू.