आधी क्षेत्रफळ, मग सूत्र



अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. अहवाल छापून तुमच्या हाती आला आहे, तो वाचालच. मला मिळालेला वेळ मी एकाच इंटिग्रलसाठी मागतो.

आपण वर्गात जातो, फळ्यावर B(m, n) = Γ(m)Γ(n)/Γ(m+n) लिहितो, चौकट काढतो आणि उदाहरणे सुरू करतो. याला माझा विरोध आहे आणि तो जुना आहे. सकाळच्या सत्रात वाद झाला तो या सूत्राची सिद्धता ध्रुवीय निर्देशकांनी द्यावी की साध्या चलबदलाने, यावर. दोन्ही वाटा बरोबर आहेत. नुकसान त्याच्या आधीच होऊन गेलेले असते.

एका वर्षी पेपर तपासताना गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा एकच उत्तर दिसू लागले. प्रश्न होता, शून्य ते एक या मर्यादांत √x·√(1−x) चे इंटिग्रल काढा. उत्तर, π. मुलांनी घातांक ½ पाहिला, m = n = ½ धरले, Γ(½) = √π हे पाठ होतेच, आणि π आले. घातांक m−1 असतो, म्हणजे m येथे 3/2, हे निसटले. पण मला टोचले ते वेगळेच. हा वक्र कुठेही ½ च्या वर जात नाही आणि पाया एक एककाचा. मग क्षेत्रफळ ½ हून जास्त होईल कसे? तीनच्या पुढचे उत्तर लिहून दोन रेषा ओढताना एकाही मुलाला शंका आली नव्हती. एका परीक्षकाने तर ‘पद्धत बरोबर’ म्हणून निम्मे गुण दिले होते. तेव्हा मी भांडलो, आजही भांडेन. ज्याने आकृती काढली नाही त्याची पद्धत बरोबर नव्हती.

आकृती काढा. y = √(x−x²) हे एक व्यासाचे अर्धवर्तुळ आहे. त्रिज्या ½, क्षेत्रफळ π/8. ना बीटा, ना गॅमा.

आता पूर्णांक घ्या. x^p(1−x)^q वर इंटिग्रेशन बाय पार्ट्स एकदा केले की q एकाने उतरतो, p एकाने चढतो आणि बाहेर q/(p+1) येतो. p = 2, q = 3 घ्या: 3/3, मग 2/4, मग 1/5, शेवटी x⁵ चे 1/6. गुणाकार 1/60. हाच 2!·3!/6!. सर्वसाधारणपणे p!q!/(p+q+1)!. हे मूल स्वतः, एका तासात शोधते. मग त्याला विचारा, p = q = ½ ठेवले तर? खाली 2! येतो, वर ½! चा वर्ग, आणि डावीकडे अर्धवर्तुळाचे π/8. म्हणून ½! = √π/2. वॉलिसने 1656 मध्ये पूर्ण घातांकांच्या तक्त्यातल्या मधल्या जागा भरत वर्तुळ गाठले ते याच दिशेने, आणि ऑयलरने 1729 मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात या अर्ध्या क्रमगुणिताचा वर्तुळाशी संबंध सांगितला. गॅमा फलन कशासाठी हवे, हे इथे मुलाला कळते. व्याख्येने कळत नाही.

त्यानंतर सिद्धता. Γ(p+1)Γ(q+1) म्हणजे s^p t^q e^(−s−t) चे दुहेरी इंटिग्रल. s = rx, t = r(1−x) ठेवा. ds dt चे r dr dx होते. x चा भाग सुटा होऊन बीटा इंटिग्रल उरते, आणि r चा घातांक p+q+1 होतो, म्हणून Γ(p+q+2). त्या p+q+1 मधला जादा एक कुठून आला? ds dt मधून निघालेल्या r मधून. ज्याने तो r पाहिला त्याचा एक हरवत नाही.

आणि सूत्राची हद्द. p, q दोन्ही −1 पेक्षा मोठे हवेत, हे आपण तळटीपेत ढकलतो. p = −3/2, q = 0 घ्या. गॅमाची बाजू निमूटपणे Γ(−½)/Γ(½) = −2 देते. पण x^(−3/2) सर्वत्र धन आहे! त्याचे क्षेत्रफळ ऋण कसे? शून्याजवळ ते इंटिग्रल अनंताकडे जाते, किंमत अस्तित्वातच नाही. सूत्र बोलत राहते, इंटिग्रल संपलेले असते. हे उदाहरण मी दर वर्षी घ्यायचो, आणि वर्ग गप्प व्हायचा.

परिषदेकडे दोन गोष्टी मागतो. बीटा इंटिग्रलच्या प्रत्येक प्रश्नात ‘उत्तर कोणत्या दोन संख्यांमध्ये असेल ते आधी लिहा’ ही ओळ असावी आणि तिला स्वतंत्र गुण असावेत. दुसरी, या क्रमाने चालणारी एक छोटी पुस्तिका. तिचे काम मी सुरू करतो. प्रकरणे कशी पाडायची ते अजून ठरलेले नाही. ज्यांना हात लावायचा आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावे.