‘पेरिओद देसे’ म्हणू नका: फ्रेंच मॅनेजरकडे घरून काम मागताना

मी बेंगळुरूत फ्रेंच शिकवते, त्याआधी सात वर्षं लियाँ शहरात नोकरी केली. आजचा विषय एका विद्यार्थिनीमुळे निघाला. ती मूळची बडोद्याची, घरी मराठी, शाळा गुजरातीत, कॉलेज इंग्रजीत आणि आता नोकरी फ्रेंचमध्ये. लियाँच्या पार-द्यू भागात एका कंपनीत डेटाचं काम करते. राहते व्हिलफ्राँशला, म्हणजे शहराच्या उत्तरेला. रोज लोकल गाडी, मग मेट्रो. दारापासून दारापर्यंत सव्वा तास, तेवढाच परत.

एका रात्री तिचा मेसेज आला. ‘ताई, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचं म्हणून मॅनेजरला मेल केला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: ऑनाँ पार्ल. म्हणजे काय?’

‘ऑनाँ पार्ल’ म्हणजे ‘बोलू यावर’. हा नकार नाही, पण मेल वाचून मॅनेजर खूश झाला असंही नाही. मी म्हटलं, मेल दाखव. तो वाचला आणि कपाळाला हात लावला. व्याकरण बरोबर होतं. पण पूर्ण मेल इंग्रजीत विचार करून फ्रेंचमध्ये उतरवलेला होता, आणि त्यात तीन जागी असं काही म्हटलं गेलं होतं जे तिला म्हणायचंच नव्हतं.

पहिली जागा सगळ्यात मोठी. तिला म्हणायचं होतं, तीन महिने प्रयोग करून बघू. तिने लिहिलं ‘पेरिओद देसे’. शब्दकोशात बघितलं तर ‘पेरिओद’ म्हणजे काळ आणि ‘एसे’ म्हणजे प्रयत्न, चाचणी. मग चुकलं कुठे? फ्रान्समध्ये ‘पेरिओद देसे’ हा नोकरीच्या करारातला पक्का शब्द आहे. नवीन माणूस कामावर लागला की सुरुवातीचे जे काही महिने कंपनी किंवा तो माणूस फारशी कारणं न देता करार मोडू शकतात, त्या काळाला ‘पेरिओद देसे’ म्हणतात. आपल्याकडे प्रोबेशन म्हणतो तेच. तिचं प्रोबेशन दीड वर्षापूर्वी संपलं होतं. मॅनेजरने तिला पहिला प्रश्न हाच विचारला म्हणे: ‘तुमची पेरिओद देसे तर संपली ना?’ बिचारी घाबरली.

मग म्हणायचं काय? ‘पेरिओद द तेस्त’ म्हणा, सरळ आहे. किंवा ‘पेरिओद दादाप्तासियों’, म्हणजे जुळवून घेण्याचा काळ. घरून कामाच्या करारांमध्ये हाच शब्द असतो, त्यामुळे एचआरच्या कानाला तो ओळखीचा. गंमत म्हणजे नुसतं ‘अन एसे’, एक प्रयोग, असं बोलताना चालतं. ‘पेरिओद’ला जोडलं की तो प्रोबेशनचा शब्द होतो.

दुसरी जागा ‘एव्हाँत्युएलमाँ’. तिने लिहिलं होतं की गरज पडली तर त्या दिवशीही मी ‘एव्हाँत्युएलमाँ’ ऑफिसला येईन. तिच्या डोक्यात इंग्रजीतलं ‘इव्हेंच्युअली’ होतं, म्हणजे शेवटी येईनच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कदाचित, जमलं तर’. ज्या वाक्याने मॅनेजरला भरवसा द्यायचा, त्याच वाक्यात ती म्हणत होती, बघू, आले तर आले.

तिसरी जागा शब्दाची नव्हती, वारांची होती. तिने बुधवार आणि शुक्रवार मागितले होते. फ्रान्समध्ये बऱ्याच लहान मुलांना बुधवारी शाळा नसते किंवा अर्धाच दिवस असते. त्यामुळे मुलं असलेल्या लोकांना बुधवार हवा असतो. शुक्रवार तर सगळ्यांनाच हवा, कारण पुढे शनिवार-रविवार. हे दोन वार एकत्र मागितले की मॅनेजरला काम दिसत नाही, घर आणि सुट्टी दिसते. शिवाय बाकीची टीम काय म्हणेल हा विचार त्याच्या डोक्यात लगेच येतो. तिला मुलं नाहीत. तिने हे वार सहज निवडले होते.

आम्ही ठरवलं, नव्याने मांडायचं. पण लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायला सांगितली: कंपनीत या विषयावर ‘आकॉर’ किंवा ‘शार्त’ आहे का? आकॉर म्हणजे कामगार संघटनांशी झालेला करार, शार्त म्हणजे कंपनीने केलेली नियमावली. फ्रेंच कामगार कायद्याच्या कलम एल 1222-9 मध्ये ‘तेलेत्राव्हाय’, म्हणजे घरून काम, याचे नियम आहेत. 2017 च्या सुधारणेनंतर असं आहे की आकॉर किंवा शार्त असेल तर त्याप्रमाणे चालायचं, आणि दोन्ही नसतील तर कर्मचारी आणि कंपनी आपसात ठरवू शकतात. ते कुठल्याही मार्गाने नोंदवलं तरी चालतं, साधा मेलसुद्धा पुरतो. नियमावली असेल, तुमची जागा तिच्यात बसत असेल आणि तरीही मॅनेजर नाही म्हणाला, तर त्याला कारण द्यावं लागतं. पण हा सरसकट हक्क नाही. म्हणून ‘हा माझा हक्क आहे’ हे वाक्य बोलूच नका. कायदा माहीत असावा, टेबलावर आपटू नये.

तिच्या कंपनीत शार्त होती. आठवड्याला जास्तीत जास्त दोन दिवस, मॅनेजरच्या संमतीने. म्हणजे तिची मागणी नियमात बसत होती. हे तिला पहिल्या मेलच्या वेळी माहीतच नव्हतं!

आता बोलण्याचा भाग. फ्रेंच ऑफिसात अशी गोष्ट आधी तोंडी होते आणि नंतर लेखी नोंदवली जाते. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे फक्त वेळ मागणं: या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का, माझ्या कामाच्या आखणीबद्दल बोलायचंय. ती मॅनेजरला ‘व्हू’ म्हणायची, आपल्या ‘तुम्ही’सारखं. त्या टीममध्ये बाकीचे ‘त्यु’ म्हणत असले तरी तिने या भेटीसाठी बदल करू नये, असं मी सांगितलं. रोज ज्याने बोलता त्यानेच बोला. अचानक ‘व्हू’वर गेलात तर तक्रार घेऊन आल्यासारखं वाटतं, अचानक ‘त्यु’वर आलात तर सलगी वाटते.

मागणीचं वाक्य कसं असावं? ‘झ व्हू’ म्हणजे ‘मला पाहिजे’. हे लहान मूल म्हणतं. ‘झेमरे’ किंवा लेखी असेल तर ‘झ सुएतरे’, म्हणजे ‘मला आवडेल, माझी इच्छा आहे’. क्रियापदाचं हे रूप शिकताना सगळे कंटाळतात, पण नोकरीत त्याच्यावाचून चालत नाही. आणि प्रयोग सुचवायला माझं आवडतं वाक्य: ‘सि ऑ फझे अन एसे द त्र्वा म्वा?’ शब्दशः ‘आपण तीन महिन्यांचा एक प्रयोग केला तर?’ मराठीत आपण ‘करून पाहूया का?’ म्हणतो ना, तोच सूर. यात ‘मी’ नाही, ‘आपण’ आहे. प्रयोग मॅनेजरचाही होतो.

युक्तिवादावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तिचं पहिलं कारण होतं अडीच तासांचा प्रवास. खरं आहे, पण ते तिचं दुखणं आहे, त्याचं नाही. मी विचारलं, तुझ्या कामातलं काय ऑफिसात नीट होत नाही? ती म्हणाली, महिन्याचा अहवाल. उघड्या हॉलमध्ये बसते, दर दहा मिनिटांनी कुणीतरी खांद्यावर टकटक करतं, आकडे पुन्हा तपासावे लागतात. गेल्या चार महिन्यांत दोनदा अहवाल एक दिवस उशिरा गेला होता. मग हेच पहिलं कारण. सोमवारी टीमची बैठक, बुधवारी ग्राहकांची. म्हणून मंगळवार आणि गुरुवार शांत कामासाठी मागायचे. प्रवासाचं शेवटी एका वाक्यात बोलायचं, लपवायचं नाही.

मॅनेजर काय विचारेल याचीही तयारी केली. ‘तुम्ही सापडाल का?’ त्याला उत्तर ‘झ्वान्याब्ल’ या शब्दात: नऊ ते बारा आणि दोन ते सहा मी फोनवर आणि चॅटवर मिळेन. तास सांगायचे. ‘दिवसभर उपलब्ध आहे’ असं म्हणू नका. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून सुटण्याचा हक्क मानतात, त्यामुळे असं बोलणं उत्साहाचं वाटत नाही, कच्चं वाटतं.

आणि प्रयोगाला मोजमाप हवं. आम्ही तीनच ठेवली. अहवाल ठरल्या तारखेला गेला का, सहकाऱ्यांच्या प्रश्नाला तासाभरात उत्तर गेलं का, एकही बैठक चुकली का. सहा आठवड्यांनी ‘फेर अं प्वँ’, म्हणजे छोटी बैठक घेऊन कसं चाललंय ते पाहणं, आणि तीन महिन्यांनी ‘बिलाँ’, हिशेब मांडणं. शिवाय एक वाक्य असं की दोघांपैकी कुणीही आठवड्याची सूचना देऊन हे थांबवू शकेल. याला ‘रेव्हेर्सिबिलिते’ म्हणतात. या वाक्याने मॅनेजर सैल होतो, कारण ‘हो’ म्हटल्यावर अडकलो, ही त्याची खरी भीती असते.

भेट झाली. मॅनेजर म्हणाला, ‘पुर्क्वा पा.’ शब्दशः ‘का नाही’. ती लगेच मला फोन करून, ‘ताई, झालं!’ मी म्हटलं, थांब. ‘पुर्क्वा पा’ म्हणजे दार किलकिलं झालं. ‘से कोंप्लिके’, ‘अवघड आहे’, म्हणाला असता तर तो बहुतेक नकार समजायचा. आता त्याच दिवशी मेल कर. सुरुवात: ‘स्वीत आ नोत्र एशाँझ द स मातँ’, आज सकाळच्या आपल्या बोलण्याला धरून. मग चार ओळी: वार, तास, तीन महिन्यांच्या तारखा, तीन मोजमापं. शेवटी प्रश्न: ‘सरिए-व्हू दाकॉर?’ आपली संमती आहे का? प्रश्न विचारला की उत्तर लेखी येतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. फक्त गुरुवार मिळाला, मंगळवार बिलाँनंतर बघू. ती हिरमुसली. मला मात्र हे चांगलं वाटलं, कारण तारखा आणि मोजमापं त्याने जशीच्या तशी मान्य केली होती.

सहा आठवड्यांच्या बैठकीत एक तक्रार निघाली. एका गुरुवारी दुपारी सहकाऱ्याला ती तासभर सापडली नाही. ती जेवायला दीडला उठली होती, परतायला अडीच झाले, आणि चॅटवर हिरवा ठिपका तसाच. तिने कारणं दिली नाहीत, जेवणाची वेळ कॅलेंडरवर टाकायला लागली. तिन्ही अहवाल वेळेवर गेले. बिलाँच्या दिवशी ती कागद घेऊन गेली आणि मंगळवार मागितला. मॅनेजर म्हणाला, सप्टेंबरमध्ये टीममध्ये नवा शिकाऊ मुलगा येतोय, मंगळवारी त्याला शिकवायला कुणीतरी समोर हवं; नोव्हेंबरमध्ये पुन्हा बोलू. कारण कामाचं होतं, तिने मानलं, आणि नोव्हेंबरची तारीख त्याच मेलमध्ये लिहून घेतली.

जाता जाता एक. ती मला विचारत होती, याच मेलमध्ये डिसेंबरात महिनाभर बडोद्याहून काम करायचं विचारू का? मुळीच नको. फ्रान्समधल्या घरातून काम वेगळं आणि भारतातून वेगळं. दुसऱ्या देशातून म्हटलं की सामाजिक विमा, कर, डेटाची सुरक्षा असे प्रश्न येतात, ते मॅनेजरच्या हातात नसतात, एचआरकडे जातात. त्या एका ओळीमुळे गुरुवारही अडकला असता. त्यासाठी वेगळी भेट, वेगळा मेल, आणि तो बराच आधी.