पहिली पाळी कोणाची?

पत्त्यांच्या संगणकीय खेळात पहिली पाळी मिळणाऱ्याला आयता फायदा होतो का? हे तपासायला दोघांनाही हुबेहूब सारखीच पानं द्यायची, म्हणजे फरक पडलाच तर तो पाळीमुळेच पडेल. मग एक छोटा प्रोग्रॅम पानं पिसतो, दोन्ही बाजूंनी नियमात बसेल ती कोणतीही चाल खेळतो आणि विजेता नोंदवतो.

समजा, १,००० डावांत पहिला खेळाडू ५२० वेळा जिंकला. लगेच नियम बदलू नका. नाणं हजार वेळा उडवलं तरी छापा ४७० ते ५३० च्या दरम्यान सहज येतो. पण एक लाख डावांत तो ५२,००० वेळा जिंकला, तर मात्र तो योगायोग नव्हे. डाव शंभरपट वाढले, तरी नशिबाचा हेलकावा दहापटच वाढतो, म्हणजे इथे साधारण तीनशेच.

पहिल्या पाळीचा असा फायदा भरून काढायला ‘हार्थस्टोन’ या खेळात दुसऱ्या खेळाडूला सुरुवातीला एक पान जास्त आणि वर एक नाणं मिळतं. आपल्या खेळातही असा बदल करून पुन्हा लाखभर डाव खेळवायचे.

एक अडचण मात्र खरी आहे. माणूस दोन पानं जपून ठेवतो आणि एकत्र टाकतो. आंधळ्या चाली खेळणाऱ्या प्रोग्रॅमला अशा जोडीची ताकद दिसतच नाही. म्हणून प्रोग्रॅमला चाली पारखायला शिकवा, आणि शेवटचा निकाल खऱ्या खेळाडूंच्या डावांवरूनच लावा.