हरवलेल्या फोटोतली चांदणी



श्रोतेहो, मागच्या आठवड्यात एका ताईंचं पत्र आलं. 2023 साली त्यांनी गच्चीवरून आकाशाचा फोटो काढला होता. पुढे फोन पाण्यात पडला आणि फोटो गेला. त्या विचारतात, त्यात कोणते तारे होते ते आता कळेल का?

कळेल, आणि ते कळतं ताईंच्या वर्णनामुळेच. एरवी मला येणाऱ्या पत्रांत असतं, ‘आकाश फार सुंदर दिसत होतं, एक चांदणी चमचमत होती.’ अहो, गाय हरवली तर गुराख्याला आपण ‘आमची गाय फार सुंदर होती’ एवढंच सांगतो का? कधी दिसली, कोणत्या दिशेला होती, दिसायला कशी होती, सोबत कोण होतं, हे सांगतो. आकाशाचंही तसंच सांगा. वेळ, दिशा, तेज.

ताईंनी लिहिलंय : मार्चची सुरुवात, संध्याकाळी सव्वासात, सूर्य मावळला होता त्याच जागेच्या वर दोन मुठींवर दोन चांदण्या. ठळक चांदणी खाली, फिकी वर, मध्ये दोन बोटांचं अंतर. डोक्यावर अर्धा चंद्र.

हात लांब केला की आपली मूठ आकाशाचे साधारण 10 अंश झाकते आणि करंगळी 1 अंश. म्हणजे चांदण्या क्षितिजापासून सुमारे 20 अंशांवर होत्या, आणि सूर्य मावळून अर्धाच तास झाला होता. अशा संधिप्रकाशात ठळक दिसणारी पश्चिमेची चांदणी म्हटलं की आधी शुक्र आठवावा. शुक्र ही दाव्याला बांधलेली गाय आहे. खुंटा म्हणजे सूर्य, आणि दावं 47 अंशांचं. त्यापलीकडे ती जातच नाही. म्हणून आपल्याकडे मध्यरात्री डोक्यावर शुक्र पाहिल्याचं कुणी सांगितलं, तर एक तर वेळ चुकली किंवा तो शुक्र नव्हे. गुरूला असं दावं नाही, तो रात्रभर कुठेही चरतो. त्या दिवसांत मात्र तोही शुक्राजवळ आला होता.

आता तेज. तेव्हा शुक्राची प्रत उणे 4 होती, गुरूची उणे 2. म्हणजे शुक्र जवळजवळ सहापट तेजस्वी. फोनच्या फोटोत मात्र दोन्ही पांढरे ठिपके सारखेच दिसू शकतात, कारण जास्त उजेडानं दोन्ही भरून जातात. म्हणून तेज डोळ्यांनी पाहून लिहायचं. संधिप्रकाशात आधी कोण दिसलं, तेवढं लिहिलंत तरी पुरे.

आणि ठळक वर की खाली, हे लिहाच. तेव्हा शुक्र रोज वर चढत होता, गुरू खाली उतरत होता, आणि दोघांमधलं अंतर रोज साधारण 1 अंशानं बदलत होतं. 1 आणि 2 मार्चला ते अगदी शेजारी आले. त्याआधी गुरू वर होता, नंतर शुक्र वर गेला. ताईंची ठळक चांदणी खाली आहे, म्हणजे फोटो भेटीच्या आधीचा. मध्ये दोन बोटं, करंगळीहून जाड, म्हणजे अंदाजे 3 अंश. 2 मार्चपासून तीन दिवस मागे गेलो की येते 27 फेब्रुवारी.

एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो, कारण बोटं प्रत्येकाची वेगळी. पण अर्धा चंद्र साक्षीला आहे. 27 फेब्रुवारीला फाल्गुन शुद्ध अष्टमी होती आणि संध्याकाळी चंद्र जवळपास डोक्यावर होता. ताईंना मार्चची सुरुवात आठवत होती. आठवण थोडी चुकली, वर्णन चुकलं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो. फोटो काढलात की लगेच वहीत दोन ओळी लिहा. घड्याळातली वेळ लिहा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीसुद्धा. फोनमध्ये वेळ आहेच, असं म्हणू नका. फोन गेला की ती गेली, आणि कुणी पुढे पाठवलेल्या फोटोत ती बहुधा उरत नाही. दिशा ‘समोर’ किंवा ‘टाकीच्या बाजूला’ अशी लिहू नका. तुमची टाकी मला कुठून माहीत असणार? सूर्य मावळला त्या जागेपासून किती मुठी डावीकडे, किती वर, ते लिहा. आणि दोन चांदण्या असतील तर ठळक कोणती, वरची की खालची.

ताऱ्यांची गोष्ट थोडी अवघड आहे. तारा रोज 4 मिनिटं आधी उगवतो, महिन्यात हा फरक 2 तासांचा होतो. त्यामुळे एकट्या ताऱ्याच्या वर्णनात तारीख चुकली तर वेळ बरोबर असूनही... पण समोरचा लाल दिवा लागलाय. ते पुढच्या वेळी. तोवर गुराख्याला सांगायचं लक्षात ठेवा : वेळ, दिशा, तेज. आणि सोबत कोण होतं.