ध्वनिमुद्रणातून टिपण

भुजंगप्रयात वृत्तावरील माझ्या एका तासाचे ध्वनिमुद्रण एका विद्यार्थिनीने शब्दशः उतरवून आणले. त्याचे टिपण करायला मीच बसलो.

शीर्षके बोलण्याच्या क्रमाने देता येईनात. ‘यगण’ हा शब्द मी ५व्या मिनिटाला वापरला होता आणि त्याचा अर्थ सांगितला ४०व्या! टिपणात व्याख्या आधी घेतली: एक लघू, मग दोन गुरू. असे ४ यगण, म्हणजे चरणात १२ अक्षरे. समासात मिनिटे लिहिली, म्हणजे शंका आली की तेवढेच पुन्हा ऐकता येते.

खरी अडचण उदाहरणाची. उताऱ्यात होते, “हे लघू... नाही, गुरू, इथे बघा.” ‘इथे’ म्हणजे फळ्यावर, तो ध्वनिमुद्रणात कुठून येणार? शेवटी विद्यार्थिनीच्या वहीत माझी ओळ सापडली: ‘नदीच्या तटाशी उभा वृक्ष होता’. तिची फोड अशी: नदीच्या, तटाशी, उभावृ, क्षहोता. ‘वृ’ एरवी लघू. पण पुढच्या ‘क्ष’ या जोडाक्षराचा आघात त्यावर येतो, म्हणून गुरू. फुटकळ शब्द गाळताना ‘नाही, गुरू’ गळले असते, तर तिसरा गण लघू-गुरू-लघू, म्हणजे जगण झाला असता, आणि वृत्तच मोडले असते. चारही गण मोजून पाहिल्यावरच अशी चूक हाती लागते.

माझी ती अडखळ मात्र मी टिपणात कारणासकट ठेवली. मुले नेमकी तिथेच घसरतात.